कंपोझिट फिलिंगनंतर चावताना कळ का येते?

खोल दाढेत कंपोझिट भरल्यावर काही पेशंटना चावताना कळ येते. एच-अँड-रिन्स सोडून सेल्फ-एच वापरू का?

खोल डेंटिनवर हो, वापरा. कोथरूडला एका बाईंच्या दाढेत मी स्वतः चूक केली होती. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद ठेवून धुतलं आणि इनॅमल खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत हवा मारली. त्यात डेंटिनही कोरडं पडलं. ॲसिडनं उघडे केलेले कोलॅजनचे धागे पाण्याच्या आधारानं उभे असतात. सुकले की आडवे पडतात, बाँड आत शिरत नाही. मग चावताना तिथलं पाणी नलिकांत ढकललं जातं. बाई आठवड्यानं आल्या, तेव्हा आधी आर्टिक्युलेटिंग पेपरनं चाव तपासला, कारण उंच फिलिंगही असंच दुखतं. तो ठीक होता, म्हणून फिलिंग काढलं. या वेळी फक्त इनॅमलच्या कडेला ॲसिड लावून धुतलं, कारण सेल्फ-एच इनॅमलवर कमी पकडतो. मग सेल्फ-एच बाँड २० सेकंद चोळला. घाई इथे नडते: द्रव हलायचा थांबेपर्यंत हळू हवा द्या, नाहीतर सॉल्व्हंट आत राहून पुन्हा तेच दुखणं.