गोळी चालू असताना आलेला ‘निगेटिव्ह’

प्रश्न: उपाशीपोटी पोटात वरच्या बाजूला जळजळतं. रोज आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल घेतो, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक. अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी या जंतूची शौचाची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे अल्सर नाही ना? (कोथरूड)

उत्तर: तसं म्हणता येत नाही, या रिपोर्टवर विसंबू नका. पॅन्टोप्राझोलमुळे जंतूंची संख्या इतकी घटते, की ते पोटात असूनही तपासणीत सापडत नाहीत. मी पुण्यातच लॅबमध्ये नमुने घेतो. डबी हातात घेण्याआधी आमचा पहिला प्रश्न ‘आज सकाळी गोळी घेतलीत का?’ हाच असतो. ती गोळी किमान १४ दिवस आणि अँटिबायोटिक २८ दिवस बंद हवं, मगच शौचाची किंवा श्वासाची चाचणी खरी. मधल्या काळात साधं अँटासिड चालतं. पण डायक्लोफेनॅक चालू ठेवून पॅन्टोप्राझोल थांबवणं म्हणजे जखम उघडी टाकणं, म्हणून आधी डॉक्टरांकडून गुडघ्यासाठी पॅरासिटामॉलसारखा पर्याय घ्या. जंतू निघाले तर आम्ल कमी करणारी गोळी आणि अँटिबायोटिकं एकत्र, साधारण १४ दिवस. जळजळ चौथ्या दिवशी थांबली तरी कोर्स सोडायचा नाही, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मात्र जंतू नसले तरी नुसत्या डायक्लोफेनॅकनेही अल्सर होतो. तो आहे की नाही हे एंडोस्कोपीतच दिसतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, तर चाचणीची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.