आदरार्थी रूपं म्हणजे समोरच्याला न दुखावण्याची युक्तीच ना? मग जपानीत साधं वाक्यही का बदलावं लागतं?

न दुखावण्याची युक्ती हा त्यातला एक भाग झाला, पण तेवढ्याने जपानी उलगडत नाही.

तुम्ही म्हणता ती कल्पना पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांनी 1978 मध्ये मांडली. तिच्या मुळाशी आहे 'फेस'. 'फेस' म्हणजे चारचौघांत जपायची आपली पत. काही मागितलं की समोरच्याच्या मोकळीकीवर आक्रमण होतं, म्हणून आपण "जरा पेन देता का?" असं आडून विचारतो. मागणी जितकी जड, माणूस जितका परका किंवा मोठा, तितकं आडून.

आता "आज शनिवार आहे" हे वाक्य घ्या. यात ना मागणी, ना टीका, कुणाचीच पत पणाला लागत नाही. तरीही जपानीत मित्राला 'क्यो वा दोयोबी दा', अनोळखी माणसाला 'दा'च्या जागी 'देसु' आणि फार औपचारिक प्रसंगी 'दे गोझाइमासु' म्हणावं लागतं. भाषाशास्त्रज्ञ योशिको मात्सुमोतो यांनी 1988 मध्ये नेमकं याच वाक्यावर बोट ठेवलं. यातलं कोणतंही रूप निवडा, बोलणारा आणि ऐकणारा यांचं नातं त्यात येतंच. नातं न सांगणारं रूपच हाताशी नाही.

मराठीत हे वाक्य कुणालाही सांगा, तसंच राहतं. आपला आदर ज्याच्याबद्दल किंवा ज्याला उद्देशून बोलतो त्याला चिकटतो: "बाबा आले" हे मी धाकट्या भावाला सांगितलं तरी क्रियापद अनेकवचनीच. जपानीत ही सोय आहेच, शिवाय ऐकणाऱ्यासाठी वेगळा प्रत्यय आहे. एकाच क्रियापदात दोन नाती बसतात, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

समजा, साहेब ऑफिसात आहेत. सहकाऱ्याला सांगताना 'इराश्शाइमासु': धातू साहेबांना मान देतो, शेवटचं 'मासु' ऐकणाऱ्याला. तेच बाहेरच्या ग्राहकाला सांगताना 'ओरिमासु'. 'मासु' कायम, पण धातू नम्रतेचा झाला, आणि साहेबांच्या आडनावामागचं आदराचं 'सान'ही गेलं. ग्राहकासमोर साहेब 'आपल्यातले' ठरतात, आणि आपल्या माणसाचा मान बाहेरच्यापुढे मिरवायचा नसतो. मराठी माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपले साहेब कुणासमोरही "आहेत"च असतात. कोरियनमध्येही पारंपरिक रीत आपल्यासारखीच आहे.

म्हणून भाषाशास्त्रज्ञ साचिको इदे यांनी याला 'वाकिमाए' म्हटलं: प्रसंगात आपली जागा ओळखून तिला साजेसं रूप वापरणं. मात्र मला हे टोकाला न्यायचं नाही, कारण या सक्तीतही डाव खेळता येतो. एरवी 'दा' म्हणणारी बायको भांडणात अचानक 'देसु-मासु' बोलू लागली, तर व्याकरण आदराचं असूनही नवऱ्याला कळायचं ते कळतं: ती दूर सरकली आहे.