एका जनुकाचे तीन ब्लॉट

प्रश्न: सदर्न, नॉर्दर्न आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये फरक काय? पुस्तकात डीएनए, आरएनए, प्रथिन एवढेच लिहिले आहे. पट्ट्या समोर आल्या की त्या वाचायच्या कशा?

उत्तर: पुस्तकात दिलेली विभागणी बरोबर आहे, पण ती पट्टी वाचायला पुरत नाही, कारण तिन्ही ब्लॉट दिसायला सारखे असले तरी पट्टीच्या जागेला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ असतो. तिन्हींमध्ये नमुना जेलमधून आकारानुसार वेगळा करतात, तो मेम्ब्रेनवर उतरवतात आणि हव्या त्या रेणूलाच चिकटणारे काहीतरी त्यावर सोडतात. सदर्न आणि नॉर्दर्नमध्ये हे काम खूण लावलेला न्यूक्लिक आम्लाचा प्रोब करतो, तर वेस्टर्नमध्ये अँटिबॉडी. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली; पुढची दोन नावे त्यांच्या आडनावावरून दिशांच्या शब्दखेळाने पडली, त्यामुळे नावावरून अर्थ शोधत बसू नये.

मी रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या निदानात काम केले आहे, म्हणून बीटा-ग्लोबिन या एकाच जनुकावर तिन्ही ब्लॉट लावून काय दिसते ते सांगतो. उदाहरण सिकल सेलचे घेऊ. या जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये GAG चे GTG होते, म्हणजे एक अक्षर बदलते आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. आजार गंभीर, पण बदल एका अक्षराचा. तो कोणत्या ब्लॉटवर दिसेल आणि कोणत्यावर दिसणार नाही, हे आधी स्वतःच ठरवून पाहिले तर पुढचे सगळे सोपे जाते.

सदर्नसाठी डीएनए रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून काढतात, कारण पक्व तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. हा डीएनए एमएसटी-टू या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापतात. हे एन्झाइम CCTNAGG हा क्रम ओळखते, त्यातल्या N च्या जागी कोणतेही अक्षर चालते. निरोगी जनुकात सहाव्या कोडॉनपाशी CCTGAGG आहे, म्हणून तिथे काप बसतो. सिकल जनुकात तिथे CCTGTGG झालेले असते, म्हणून बसत नाही. कापलेला डीएनए ॲगरोज जेलमध्ये धावल्यावर त्याचे दोन धागे सोडियम हायड्रॉक्साइडने सुटे करतात, तीव्र मिठाच्या द्रावणाच्या ओढीने तो रात्रभरात मेम्ब्रेनवर चढतो, आणि मग जनुकाच्या सुरुवातीच्या भागाचा प्रोब लावतात. निरोगी माणसाच्या लेनमध्ये १.१५ किलोबेसची पट्टी मिळते. सिकल जनुकात शेजारचा ०.२ किलोबेसचा तुकडा सुटा न होता तिलाच जोडलेला राहतो, म्हणून पट्टी १.३५ वर दिसते. वाहकाकडे दोन्ही प्रकारचे एकेक जनुक असल्याने त्याच्या लेनमध्ये दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या गडद दिसतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सदर्नमधील पट्टीची जागा जनुकाची लांबी सांगत नाही; ती दोन कापांमधले अंतर सांगते. एन्झाइम बदलले की त्याच माणसाच्या त्याच जनुकाची पट्टी दुसरीकडे जाते. नवख्यांची सर्वात जास्त गफलत इथेच होते.

सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः एका निरोगी नमुन्याला वाहक म्हणण्याच्या बेतात होतो. १.१५ ची गडद पट्टी होती आणि १.३५ वर फिकट पट्टी होती. वाहक असता तर दोन्ही साधारण सारख्या असायला हव्या होत्या, हे माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लगेच लक्षात आले. डीएनए नीट शुद्ध झाला नव्हता आणि एन्झाइमने काम अर्धवट सोडले होते. काप न बसलेल्या निरोगी जनुकाचा तुकडाही १.३५ चाच होतो, म्हणजे अपुरे कापले जाणे आणि सिकल उत्परिवर्तन हे या ब्लॉटवर हुबेहूब एकसारखे दिसतात! त्याच मेम्ब्रेनवरचा प्रोब धुऊन आम्ही दुसऱ्याच एका जनुकाचा प्रोब लावला. जिथे एकच पट्टी यायला हवी होती तिथे वरच्या बाजूला दोन-तीन मोठ्या, फिकट पट्ट्या दिसल्या, तेव्हा शंका उरली नाही. डीएनए पुन्हा शुद्ध करून, एन्झाइम दुप्पट घालून रात्रभर ठेवल्यावर १.३५ ची पट्टी नाहीशी झाली. तेव्हापासून प्रत्येक वेळी माहीत असलेला निरोगी नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवल्याशिवाय मी वाहक हा शब्द लिहिला नाही.

आता याच रुग्णाचा नॉर्दर्न लावू. त्यासाठी आरएनए हवा, आणि तो बीटा-ग्लोबिन बनवणाऱ्या पेशींतूनच हवा. डीएनए केंद्रक असलेल्या कोणत्याही पेशीतून काढला तरी चालतो, आरएनएचे तसे नाही. पांढऱ्या पेशींचा आरएनए घेतला तर पट्टी येणार नाही आणि त्यावरून काही सिद्धही होणार नाही. म्हणून तांबड्या पेशींची तरुण अवस्था, म्हणजे रेटिक्युलोसाइट वापरतात. आरएनए स्वतःवरच दुमडतो आणि त्यामुळे जेलमध्ये त्याची चाल फसवी होते, म्हणून जेलमध्ये फॉर्माल्डिहाइड घालून तो सरळ ठेवतात. सदर्नमधले सोडियम हायड्रॉक्साइड इथे चालत नाही, कारण अल्कलीत आरएनएचे तुकडे होतात. ब्लॉट वाचण्याआधी जेलवर २८एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएच्या पट्ट्या पाहाव्यात. वरची २८एस पट्टी खालचीच्या साधारण दुप्पट तेजस्वी असावी; ती फिकी असेल आणि खाली धूसर ओघळ असेल तर आरएनए कुजलेला आहे, आणि त्या ब्लॉटवरच्या फिक्या पट्टीला काहीच अर्थ देता येत नाही.

सिकल रुग्णाच्या नॉर्दर्नवर बीटा-ग्लोबिनची पट्टी निरोगी माणसाच्या पट्टीच्या अगदी रांगेत आणि तितकीच ठळक दिसते. अक्षर बदलले आहे, लांबी बदललेली नाही. नॉर्दर्न फक्त दोन प्रश्नांची उत्तरे देतो: संदेश किती लांब आहे आणि किती प्रमाणात आहे. वेस्टर्नवरही हेच होते. पट्टी १६ किलोडाल्टनपाशी, दोन्ही लेनमध्ये सारखी. एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिनाचा विद्युतभार बदललेला असतो, पण जेलमधले एसडीएस प्रत्येक प्रथिनावर इतका ऋण भार चढवते की तो मूळ फरक त्याखाली झाकला जातो. सिकल हिमोग्लोबिन वेगळे धावताना पाहायचे असेल तर एसडीएस नसलेले, अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिस लागते.

मग नॉर्दर्न आणि वेस्टर्न इथे निरुपयोगी म्हणायचे का? याच जनुकाचे आणखी एक उत्परिवर्तन पाहिले की याचे उत्तर मिळते. बीटा-थॅलेसिमियाच्या एका प्रकारात ३९व्या कोडॉनमध्ये CAG चे TAG होते, म्हणजे मध्येच थांबण्याची खूण येते. एमएसटी-टूच्या सदर्नवर हा रुग्ण निरोगी दिसतो, कारण त्या एन्झाइमच्या कोणत्याही कापाला धक्का लागलेला नाही. नॉर्दर्नवर मात्र पट्टी योग्य जागी पण खूप फिकी येते, कारण अकाली थांबणारा संदेश पेशी ओळखते आणि नष्ट करते. फिकेपणा खरा आहे की लेनमध्ये आरएनएच कमी पडला, हे ठरवण्यासाठी त्याच मेम्ब्रेनवर अल्फा-ग्लोबिनचा प्रोब लावावा. अल्फाची पट्टी शेजाऱ्याइतकीच ठळक असेल तर घट बीटाचीच आहे. वेस्टर्नवर बीटाची पट्टी दिसतच नाही.

आता मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे उदाहरण सांगतो. सहाव्या कोडॉनमधले A हे अक्षर पूर्ण गळण्याचेही एक उत्परिवर्तन आहे. त्यात CCTGAGG चे CCTGGG होते, एमएसटी-टूची जागा नष्ट होते आणि सदर्नवर १.३५ ची पट्टी येते. ती सिकलच्या पट्टीपासून वेगळी ओळखता येत नाही, पण आजार वेगळा आहे: वाचनाची चौकट सरकते, १८व्या कोडॉनला थांबण्याची खूण लागते आणि बीटा-ग्लोबिन बनतच नाही. उलट, सहाव्या कोडॉनचे AAG होणारे हिमोग्लोबिन-सीचे उत्परिवर्तन या सदर्नवर निरोगी दिसते, कारण CCTAAGG ही एन्झाइमला चालणारीच जागा आहे. १.३५ ची पट्टी काप बसला नाही एवढेच सांगते, कोणते अक्षर बदलले ते सांगत नाही. A गळालेल्या रुग्णाचा नॉर्दर्नही फारसा मदतीला येत नाही: एका अक्षराने कमी झालेली लांबी जेलवर कळत नाही, आणि थांबण्याची खूण संदेशाच्या सुरुवातीच्या इतकी जवळ असली की त्याचा नाश पुरेसा होईलच असे नाही. इथे निकाल वेस्टर्न देतो. दोन जनुके सिकलची असतील तर १६ किलोडाल्टनची ठळक पट्टी, दोन्हींत A गळालेले असेल तर पट्टी नाही.

पण ‘पट्टी नाही’ किंवा ‘पट्टी आहे’ म्हणण्यापूर्वी वेस्टर्नच्या दोन अडचणी पाहाव्याच लागतात. पहिली मेम्ब्रेनची: १६ किलोडाल्टनचे लहान प्रथिन रात्रभर विद्युतप्रवाह दिला तर मेम्ब्रेनमधून आरपार निघून जाते, म्हणून ०.२ मायक्रॉन छिद्रांची मेम्ब्रेन घेऊन वेळ कमी ठेवतात. अल्फाची पट्टी शेजारी नीट आली असेल, तर बीटाची गैरहजेरी खरी मानता येते. दुसरी अडचण अँटिबॉडीची. ज्यांच्यात बीटा बनत नाही त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले गॅमा-ग्लोबिन भरपूर असते, ते बीटाइतकेच लांब आणि क्रमानेही त्याच्या जवळचे असते. अँटिबॉडी गॅमालाही चिकटणारी निघाली, तर बीटाच्या जागीच पट्टी येईल आणि थॅलेसिमियाचा रुग्ण सिकलचा ठरेल. यासाठी के-५६२ या पेशींचा अर्क एका लेनमध्ये चालवतात. या पेशी गॅमा बनवतात, बीटा बनवत नाहीत. त्या लेनमध्ये १६ किलोडाल्टनला पट्टी दिसली, तर अँटिबॉडी बदलावी आणि तो ब्लॉट बाजूला ठेवावा, शेजारची लेन कितीही सुंदर आली असली तरी.