बाथरूममधील सॉकेट: शॉवरपासूनचे अंतर आणि आयपी

प्रश्न: खानापूरच्या घरातले बाथरूम पाच बाय सात फुटांचे आहे, सॉकेट शॉवरपासून किती दूर आणि कोणत्या आयपीचे, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या किती संरक्षणाचे, घ्यावे?

उत्तर: शॉवरच्या तोटीपासून किमान १.२० मीटर, म्हणजे सुमारे चार फूट, दूर ठेवावे आणि झाकणाचे आयपी४४ घ्यावे; बटणे मात्र दाराबाहेरच बरी. ट्रे किंवा टब नसलेल्या शॉवरसाठी आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४ मानकात हेच अंतर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत, धरलेले आहे. त्यामुळे सात फुटांच्या एका टोकाला शॉवर असल्यास जागा उरते ती समोरच्या भिंतीवर. आयपी४४ मधील दुसरा ४ चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो, परंतु बहुतेक सॉकेटांत ते झाकण मिटलेले असेपर्यंतच टिकते, प्लग लावल्यावर नव्हे. शिवाय या सर्किटला वीजगळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि चालू अर्थिंग नसेल, तर कोणतेही आयपी पुरेसे नाही.