गळका स्लॅब, कूलरची ओल आणि मालकाचा ‘अर्धा-अर्धा’

प्रश्न : मनीषनगरात तीन वर्षांपासून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. किराया १३,००० रुपये, डिपॉझिट ३९,०००, कराराचे सात महिने बाकी. यंदा पावसात बेडरूमच्या छताचा प्लास्टर पडला, आतली सळई दिसते. कूलरच्या खिडकीखालची भिंतही ओली असते. दुरुस्तीचा अंदाज ४५,००० निघाला. मालक म्हणतात, अर्धे तुम्ही द्या, नाहीतर सगळे आता तुम्ही लावा आणि दोन वर्षांत किरायातून वळते करा. काय करू?

उत्तर : दोन्ही गोष्टींना आज हो म्हणू नका. आणि पलंग आजच त्या छताखालून हलवा. सळई उघडी पडली म्हणजे तिला गंज चढलाय. गंजलेली सळई फुगते आणि आजूबाजूचं काँक्रीट ढकलून पाडते.

तुमच्या घरात दोन वेगळ्या ओली आहेत आणि मालकांनी त्या एकाच बिलात घातल्या आहेत. छताची ओल जुलै-ऑगस्टमध्ये वाढते, पाऊस थांबला की हळूहळू सुकते. कूलरची ओल एप्रिल-मे महिन्यात, बाहेर कडक ऊन असताना दिसते. फ्लोट बिघडून टाकी वाहते, पाणी स्टँडवरून भिंतीत उतरतं आणि आतून पांढरा क्षार फुटतो. खात्री करायची असेल तर ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. मग कूलर बंद ठेवून गच्चीच्या तेवढ्याच भागात बांध घालून दिवसभर पाणी साठवा (सळई उघडी असल्याने आधी कंत्राटदाराला विचारून). छतावरचा डाग रेघेबाहेर गेला, तर वाद संपला.

आता अंदाजपत्रक फोडू. गच्चीचं वॉटरप्रूफिंग २६,००० आणि सळई साफ करून छताचा प्लास्टर ९,००० असं धरतो. हे ३५,००० इमारतीच्या दोषाचे आहेत, वापराचे नाहीत. तुम्ही तिथे राहिला नसता तरी स्लॅब गळलाच असता. कूलरखालच्या भिंतीचे ३,००० मात्र तुमचे. राहिले रंगाचे ७,०००. त्यातले ५,५०० छताच्या गळतीने खराब झालेल्या भागाचे, म्हणून मालकाचे. कूलरच्या भिंतीचे १,५००, पण तो रंग तीन वर्षं जुना आहे. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं तर दोनच वर्षं उरली होती, म्हणून तुमच्याकडे ६०० येतात. नवाकोरा रंग तुमच्या खर्चाने का? काळाने होणारी झीज किरायातच मोजलेली असते. तुमचा वाटा ३,६०० झाला. ‘अर्धा’ म्हणजे २२,५०० होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम कापायची मुभा आहे. पण ती भाडेकरूला. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा असेल, तर कायद्याने तुम्ही लायसन्सधारक. तिथे करारातलं दुरुस्तीचं कलम चालतं. म्हणून परस्पर किराया कापू नका, उलट थकबाकी तुमच्यावर निघेल. करार काढून ‘किरकोळ’ आणि ‘मोठी दुरुस्ती’ कोणाकडे लिहिली आहे ते आधी वाचा.

मालकांशी बोलताना दोन मुद्दे हाताशी ठेवा. इमारत गृहनिर्माण संस्थेची असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. अर्ज सभासदाने, म्हणजे मालकांनी करायचा. म्हणजे २६,००० बहुधा त्यांच्याही खिशातून जाणार नाहीत. दुसरं, घरभाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी. तुमचा वर्षाचा किराया १,५६,०००, त्याचे ३० टक्के साधारण ४६,८००. हे टोमणा म्हणून ऐकवू नका, हिशेब म्हणून सांगा.

किरायातून वळते करणं म्हणजे तुम्ही मालकाला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणं. डिपॉझिटचे ३९,००० आधीच त्यांच्याकडे आहेत. वर ४५,००० गेले की ८४,००० अडकतात. करार सात महिन्यांचा आणि परतफेड दोन वर्षांची, हे गणितच जुळत नाही. मध्येच घर विकलं तर? त्यांच्या हाती खरंच रक्कम नसेल आणि तुमच्याकडे आपत्कालीन निधी सोडून वेगळे पैसे असतील, तरच ३५,००० लावा आणि सात महिने दरमहा ५,००० वळते करा, म्हणजे किराया ८,००० द्या. आधी सोडावं लागलं तर उरलेली रक्कम डिपॉझिटसोबत एकरकमी परत, हे दोघांच्या सहीने कागदावर हवं. बिलं मालकाच्या नावाने घ्या.

काम कुठल्या क्रमाने होतंय यावर लक्ष ठेवा. आधी गच्ची, मग स्लॅब पूर्ण सुकू द्यायचा, मग छताचा प्लास्टर. घाईत आतून प्लास्टर मारला तर पुढच्या पावसात ९,००० पुन्हा खाली पडतील. कूलरचा फ्लोट मात्र तुम्ही उद्याच बदलून घ्या.