क्लचवर पाय टेकला तेव्हा गाडी ठरली

प्रश्न: आमचं नुकतंच लग्न झालंय. पहिली गाडी घ्यायची आहे, बजेट नऊ-साडेनऊ लाख. शोरूमला गेलं की प्रत्येक जण आपलीच गाडी चांगली सांगतो, आणि आम्हा दोघांचं एकमत होत नाही. तुम्ही कशी ठरवली?

उत्तर:

आमचं लग्न मे महिन्यात झालं आणि दिवाळीच्या आधी आम्ही गाडी बघायला निघालो. घर अंबाजोगाईला. यांची नोकरी गावातच, माझी लातूरला एका लॅबमध्ये. महिन्यातले दहा-बारा दिवस माझी दुपारची शिफ्ट असते. ती रात्री नऊला सुटते, मग स्टँडवर थांबायचं, गाडी मिळेल तेव्हा मिळेल. घरी पोचेपर्यंत सासूबाई जाग्याच. गाडी घ्यायचं कारण हे एवढंच होतं. तरी पहिल्या दोन शोरूममध्ये हे कारण आमच्या दोघांच्याही तोंडून निघालं नाही. ते का, हे सांगते, म्हणजे तुमचं एकमत का होत नाही तेही कदाचित कळेल.

पहिली शोरूम. यांना उंच, दणकट गाडी हवी होती आणि मला सनरूफ. दोन्ही एकाच गाडीत मिळालं, त्यामुळे पाच मिनिटांत आम्ही खूश. माणूस यांच्याशी बोलत होता, मी मागच्या सीटवर बसून काच उघडझाप करून बघत होते. टेस्ट ड्राइव्हही यांनीच घेतली. परत आल्यावर मी म्हटलं, मलाही बघू द्या. सीट पुढे घेतली, वर घेतली. पुढचं दिसायला लागलं, पण क्लच पूर्ण दाबायला गेले तर टाच जमिनीवरून उचलली जात होती. सगळा पाय अधांतरी ठेवून दाबावं लागत होतं. माझी उंची पाच फूट आहे. शिवाय उजवीकडे वळताना समोरच्या काचेच्या कडेचा खांब एवढा जाड की एक मोटारसायकल त्याच्या आड गेली आणि एकदम पुढ्यात उगवली. मी शोरूमच्या आवारातच होते म्हणून बरं. उतरल्यावर मी काहीच बोलले नाही. मला वाटलं, सवय नाही म्हणून असेल.

दुसऱ्या शोरूममध्ये यांनी बजेट धरून बेस मॉडेल बघितलं. इथे कोटेशनबद्दल सांगायला हवं, कारण नवीन माणूस इथेच फसतो. एक्स-शोरूम 8,10,000 होती. आपल्याकडे पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत साधारण 11 टक्के रोड टॅक्स लागतो, तो नोंदणीखर्चासह 91,000 धरला होता. विमा 42,000, वाढीव वॉरंटी 14,000, ऍक्सेसरीज 22,000 आणि ‘हँडलिंग’ 8,500. बेरीज 9,87,500. यांनी शांतपणे एकेका ओळीवर बोट ठेवलं. सीट कव्हर आणि मडफ्लॅप बाहेरून घेऊ, म्हणून ऍक्सेसरीज गेल्या. हँडलिंग कशाचं, असं विचारल्यावर समोरच्याकडे उत्तर नव्हतं, तेही गेलं. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, पण कंपनी आपण निवडायची. तेवढंच कव्हर, झिरो डेपसकट, म्हणजे भरपाई देताना सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत त्या सोयीसकट, बाहेर 31,500 ला मिळत होतं. असे 41,000 कमी होऊन आकडा 9,46,500 वर आला. बजेटमध्ये बसला. एक काळजी मात्र घ्या. विमा बाहेरून काढताना विम्यात धरलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा. ती कमी दाखवली की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो.

हे खुशीत होते. मी चालवायला बसले, तर त्या मॉडेलला सीट वर-खाली करायची दांडीच नव्हती. ती सोय वरच्या मॉडेलपासून होती. माझे डोळे स्टिअरिंगच्या वरच्या कडेशी. बॉनेट दिसतच नव्हतं, आणि बॉनेट दिसलं नाही की पुढची गाडी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. विक्रेता म्हणाला, “त्यात काय, उशी घ्या मॅडम, पुष्कळ लेडीज घेतात.”

उशीचं हे पुढे तिसऱ्या ठिकाणी कळलं, पण इथेच सांगते. कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. मऊ उशीवर बसलं की जोरात ब्रेक लागल्यावर उशी दबते, सरकते, आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. मग पट्टा पोटात रुततो. उशीने दिसायला बरं दिसतं, पण धडक झाली तर तीच घात करते.

परत येताना रेणापूरला चहाला थांबलो. यांनी विचारलं, “तू दोन्हीकडे गप्प का झालीस?” मी क्लचचं सांगितलं, मोटारसायकलचं सांगितलं. हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, मी ही गाडी शनिवार-रविवारी चालवणार. रात्री बर्दापूरवरून एकटी तू येणार. आणि बघतोय मात्र मी.” आमचं भांडण म्हणा, मतभेद म्हणा, तिथेच मिटला. त्या दिवसापासून पहिला प्रश्न ठरला: पाच फुटांच्या आणि पाच फूट दहा इंचांच्या, अशा दोन्ही माणसांना ही गाडी नीट चालवता येते का? सनरूफ मीच काढून टाकलं. मराठवाड्याच्या उन्हात ती काच वर्षातले आठ महिने झाकूनच ठेवावी लागणार होती.

तिसऱ्या शोरूममध्ये यांनी आत शिरताच सांगितलं, “गाडी ह्या चालवणार आहेत.” तिथले एक वयस्क गृहस्थ मला थेट ड्रायव्हर सीटवर घेऊन गेले. मी नवीन सँडल घातली होती. म्हणाले, “ताई, ड्यूटीला जी चप्पल घालता ती घालून बघायला हवं.” सुदैवाने ती पिशवीत होती. मग त्यांनी जे करून घेतलं ते तुम्हीही दोघांनी करा. दहा मिनिटं लागतात.

आधी कंबर पार मागे टेकवून बसायचं. डाव्या पायाने क्लच तळाला लागेपर्यंत दाबायचा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि कंबर पाठीच्या टेकूवरून सुटायला नको. सुटली तर सीट पुढे. मग डोळ्यांसाठी सीट वर घ्यायची, पण वर घेतली की पाय पुन्हा तपासायचा, कारण सीट उंचावली की पायाचं अंतरही बदलतं. पहिल्या शोरूममध्ये माझं नेमकं इथेच चुकलं होतं.

त्यानंतर स्टिअरिंग. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ पुढे केले तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान 25 सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग तिथूनच फुगते, आणि फुगताना तिचा पहिला दणका फार जोराचा असतो. माझ्या हाताने ते अंतर एक वीत आणि चार बोटं भरतं. बुटक्या माणसाची अडचण अशी की क्लचसाठी पुढे सरकलं की छाती एअरबॅगच्या जवळ जाते. माझं अंतर वीतभरच भरलं. त्यांनी सीटची पाठ दोन दात मागे कलवली आणि स्टिअरिंग खाली घेतलं. आता चार बोटं मावली. स्टिअरिंग पुढे-मागेही होत असेल तर आणखी सोपं जातं, पण त्या किमतीच्या पुष्कळ गाड्यांत ते फक्त वर-खाली होतं. क्लच नसलेली ऑटोमॅटिक घेतली तर पायाचा निम्मा प्रश्न सुटतो, हेही त्यांनी सांगितलं. आम्हाला ते पैसे जास्त वाटले.

मग यांनी एक गोष्ट मागितली आणि ती मिळाली: दुसरी टेस्ट ड्राइव्ह, अंधार पडल्यावर. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. पुष्कळदा मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दिवसा बघितलेली गाडी त्या ट्रॉलीबद्दल काहीच सांगत नाही. संध्याकाळी सात वाजता शहराबाहेर पडलो. मी चालवत होते, हे आणि ते गृहस्थ मागे बसले. समोरून वाहन येत असताना डिपरवर रस्त्याची डावी कड किती लांबपर्यंत दिसते तेवढंच मी बघत होते. मागे दोन माणसं बसल्यावर उजेडाचा झोत वर गेला, समोरचा ट्रकवाला डोळे दिपून लाइट मारायला लागला. तेव्हा त्यांनी स्टिअरिंगच्या उजवीकडची छोटी चकती दाखवली. तिच्यावर 0 ते 3 आकडे असतात. मागे वजन वाढलं की आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. एकटी असले की 0. माझ्या वडिलांच्या गाडीतही ती चकती होती, आणि आम्ही कधी हात लावला नव्हता.

परतताना एक विना-दिव्याची ट्रॉली भेटलीच. मला ती वेळेत दिसली, ब्रेक दाबताना टाच जमिनीवर होती. यांनी मागून काहीच सूचना केली नाही. शोरूमला पोचल्यावर म्हणाले, “हीच.”

आम्ही सीटची दांडी असलेलं मधलं मॉडेल घेतलं. कोटेशनवर आधीसारखंच एकेका ओळीवर बोट ठेवलं, तरी आकडा ठरवल्यापेक्षा तेवीस हजारांनी पुढे गेला. त्यासाठी गाडीचा रंग सोडला, कारण आवडता लाल जास्त पैशांचा होता. योगेश्वरीच्या देवळापुढे पूजा झाली तेव्हा सासूबाईंनी नारळ माझ्याच हातात दिला.

आता शनिवारी हे चालवतात तेव्हा सीट सात दात मागे आणि पार खाली जाते. रविवारी रात्री झोपायच्या आधी हे खाली जाऊन ती मोजून सात दात पुढे आणतात, वर उचलतात, आणि ती चकती 0 वर करून ठेवतात.