‘पंचवीस वर्षांचा झाल्यावर’: हक्क नंतर की ताबा नंतर?

प्रश्न: “आजोबांना देवगडची हापूसची बाग नातवाच्या नावे बक्षीसपत्राने करायची आहे. एक मसुदा म्हणतो, ‘नातू पंचवीस वर्षांचा झाल्यावर बाग त्याला मिळावी.’ दुसरा म्हणतो, ‘बाग नातवाला दिली आहे, ताबा त्याने पंचविसाव्या वर्षी घ्यावा.’ अर्थ एकच ना?”

नाही, आणि फरक फार मोठा आहे. ‘पंचवीस वर्षांचा झाल्यावर’ हे शब्द कोणत्या क्रियापदाला लागतात ते बघा. पहिल्या वाक्यात ते ‘मिळावी’ला लागतात. म्हणजे देणंच वयावर अवलंबून आहे, आणि नातवाचा हक्क तोवर संभाव्य राहतो. दुसऱ्यात देणं ‘दिली आहे’पाशी पूर्ण झालं. वय फक्त ‘घ्यावा’ला, म्हणजे ताब्याला लागलं. इथे हक्क निहित झाला, आजच त्याचा झाला.

आपल्या कानाला ‘झाल्यावर’ म्हणजे नुसती वेळ वाटते आणि ‘झाल्यास’ म्हणजे अट. रोजच्या बोलण्यात ते बरोबरही आहे, कारण ‘पाऊस सुरू झाल्यावर’ म्हणताना पाऊस येणार हे आपण धरूनच चालतो. पण माणूस पंचविशी गाठेलच असं धरता येत नाही. म्हणून वयाच्या बाबतीत कायदा दोन्ही शब्द एकाच पारड्यात टाकतो. मृत्युपत्रांसाठीच्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातली उदाहरणं इथे बोलकी आहेत. रक्कम ‘अठरा वर्षांचा झाल्यास’ दिली काय किंवा ‘झाल्यावर’ दिली काय, हक्क संभाव्यच. मात्र रक्कम देऊन टाकली आणि ती ‘अठराव्या वर्षी चुकती करावी’ असं लिहिलं, तर मृत्युपत्र करणारा वारताक्षणी हक्क निहित होतो. बक्षीसपत्राला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. तिथे कलम १९ निहित हक्काचं आणि २१ संभाव्य हक्काचं. कलम १९ असंही सांगतं की उपभोग पुढे ढकलला एवढ्यावरून हक्क निहित नाही असं समजू नये.

आता तुमचीच बाग घेऊ. समजा, नातू अविवाहित असताना बाविसाव्या वर्षी वारला. मागे त्याची आई आहे. दुसऱ्या मसुद्याप्रमाणे बाग त्याची झालेली होती. ताबा मिळाला नव्हता म्हणून हक्क बुडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई पहिल्या वर्गातली वारस, म्हणून बाग तिच्याकडे जाईल. पहिल्या मसुद्याप्रमाणे अट पुरी झालीच नाही. बाग आजोबांचीच राहिली, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांत वाटली जाईल. काका, आत्या सगळे हिस्सेदार. नातवाचा हक्क कधी जन्मालाच आला नसल्यामुळे आईला त्याच्या वतीने काही मागता येणार नाही. अशा वेळी घराघरांत वाद पेटतात, तेव्हा शब्द आत्ताच नीट निवडा.

यात एक अपवाद आहे आणि बागायतदारांनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा. देणं वयावर टांगलेलं असूनही त्याच लेखात ‘तोवर बागेचं उत्पन्न नातवाचंच’ किंवा ‘त्यातून लागेल तेवढं त्याच्या शिक्षणाला खर्चावं’ असं लिहिलं असेल, तर कलम २१ च्या अपवादाने हक्क संभाव्य राहत नाही. दरसाल आंब्याची कलमं खंडाने देऊन येणारा पैसा नातवाच्या फीला जावा, एवढं एक वाक्य पहिल्या मसुद्यात घातलं तरी सारा अर्थ फिरतो. ‘तोवर उत्पन्न मी घेईन’ असं लिहिलं, तर मात्र हा अपवाद मदतीला येत नाही.

तिसरीही एक रचना दिसते: ‘बाग नातवाला दिली आहे, पण तो पंचविशीआधी वारला तर ती पुतण्याला जावी.’ पुतण्याचं नाव आलं म्हणून नातवाचा हक्क संभाव्य झाला असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. हक्क निहितच आहे, तो नातू लवकर गेला तर निसटेल एवढंच. बाग आईकडे न जाता घराण्यातच राहावी अशी आजोबांची इच्छा असेल, तर हे स्पष्ट लिहिणंच प्रामाणिकपणाचं. ‘झाल्यावर’ या एका शब्दाकडून ते काम करून घेऊ नये.

कोर्ट एकटा शब्द पकडून बसत नाही, सगळा लेख एकत्र वाचतं. म्हणून वर ‘आजपासून मालकी दिली’ आणि खाली ‘पंचवीस वर्षांचा झाल्यावर मालक होईल’ अशी दोन तोंडं एका लेखाला ठेवू नका. बक्षीसपत्र नोंदवायला जाण्याआधी त्यातलं प्रत्येक ‘झाल्यावर’ खुणेने अधोरेखित करा आणि पुढचं क्रियापद बघा. ते ‘मिळेल’, ‘होईल’ असेल, तर आजोबांना विचारा: नातू त्याआधी गेला, तर बाग कोणाची? त्यांचं उत्तर ‘त्याच्या आईची’ असेल, तर दुसरा मसुदा घ्या, आणि नातू अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालकाने बक्षीस स्वीकारल्याचं आजोबांच्या हयातीतच लिहून घ्या.